विश्लेषण: जर्मनीत ६० हजार युरोंची नोकरी, वर्षाअखेरीस हाती नेमके किती उरते?

वार्षिक ६० हजार युरो पगाराची ऑफर आली, की पहिला गुणाकार मोबाइलवर होतो. एका युरोला शंभर रुपये धरले तरी ६० लाख. हा आकडा मग घरच्यांच्या ग्रुपवर जातो, तिथून नातेवाईकांकडे आणि पुण्यातली १८ लाखांची नोकरी एकदम किरकोळ वाटू लागते. पण ६० लाख ही कापणी होण्याआधीची रक्कम आहे आणि ती खर्च होणार आहे जर्मनीतल्या भावाने. कर, सामाजिक विमा, घरभाडे आणि रोजचा खर्च वजा केल्यावर वर्षाअखेरीस काय शिल्लक राहते, याचा हिशेब नोकरी स्वीकारण्यापूर्वी कागदावर मांडता येतो. तो कसा मांडायचा, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण कोणाचे?

समजा, पुण्यातला २८ वर्षांचा एक सॉफ्टवेअर अभियंता आहे. अविवाहित, मूलबाळ नाही. त्याला म्युनिकमधील कंपनीने वर्षाला ६० हजार युरो देऊ केले आहेत. ‘ईयू ब्लू कार्ड’ या परवान्यासाठी २०२५ मध्ये किमान पगाराची सर्वसाधारण अट ४८ हजार ३०० युरोंची होती, म्हणजे व्हिसाच्या दृष्टीने पगार पुरेसा आहे. हिशेबात २०२५ चे जर्मन कर आणि विम्याचे दर घेतले आहेत. ते दर जानेवारीत थोडे बदलतात. पद्धत तीच राहते. घरखर्चाचे आकडे मध्यम राहणीचा अंदाज म्हणून धरले आहेत. रुपयाचा दर हिशेब सोपा जावा म्हणून १ युरो = १०० रुपये असा ठेवला आहे. प्रत्यक्षात त्या दिवशीचा दर घालावा.

एक नियम सुरुवातीलाच ठरवू. पगार, कर, भाडे, किराणा हे सगळे युरोतच मोजायचे. रुपयात रूपांतर करायचे ते फक्त शेवटी उरलेल्या रकमेचे. भाड्याचे १,२५० युरो म्हणजे सव्वा लाख रुपये, असे मनात आणले तर धडकी भरते; पगाराचे ६० लाख म्हटले तर हुरळून जायला होते. दोन्ही चुकीचेच, कारण ते पैसे रुपयात कधी येतच नाहीत.

पगारातून आधी काय कापले जाते?

जर्मनीत पगाराच्या चिठ्ठीवर दोन प्रकारची कपात असते. पहिली सामाजिक विम्याची आणि दुसरी प्राप्तिकराची. भारतातून जाणारे बहुतेक जण फक्त दुसरीचा विचार करतात. ६० हजारांच्या पगारावर मात्र पहिलीच मोठी असते.

सामाजिक विम्यात चार वर्गण्या आहेत. निवृत्तिवेतनासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून ९.३ टक्के, बेरोजगारी विम्यासाठी १.३ टक्के, आरोग्य विम्यासाठी ७.३ टक्के अधिक विमा संस्थेच्या अतिरिक्त दराचा निम्मा भाग (सरासरीने १.२५ टक्के) आणि वृद्धापकाळातील शुश्रूषेच्या विम्यासाठी २.४ टक्के. या शेवटच्या दरात, २३ वर्षांवरील मूल नसलेल्यांना द्यावा लागणारा जादा ०.६ टक्के धरलेला आहे. बेरीज होते २१.५५ टक्के. ६० हजारांवर हे १२,९३० युरो झाले. कंपनी जवळपास तेवढीच रक्कम स्वतःच्या खिशातून वेगळी भरते, पण ती आपल्या ६० हजारांत धरलेली नसते. भारतातील ‘सीटीसी’मध्ये कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटाही मोजतात, जर्मनीतील पगारात मोजत नाहीत. हा फरक तुलना करताना लक्षात ठेवावा लागतो.

आता प्राप्तिकर. २०२५ मध्ये पहिल्या १२,०९६ युरोंवर कर नव्हता. त्यापुढे दर १४ टक्क्यांपासून सुरू होऊन उत्पन्नाबरोबर हळूहळू चढत जातो. भारतासारखे ठळक टप्पे नसतात. करपात्र रक्कम काढताना निवृत्तिवेतनाची पूर्ण वर्गणी, आरोग्य विम्याचा मोठा भाग आणि १,२३० युरोंची ठोक वजावट मिळते. ते सगळे वजा जाता आपल्या अभियंत्याचे करपात्र उत्पन्न सुमारे ४६,७५० युरो राहते आणि त्यावर कर बसतो सुमारे ९,५६० युरो. अधिभार या उत्पन्नाला लागत नाही. चर्चचा सदस्य म्हणून नोंद असेल तर आणखी एक कर कापला जातो, म्हणून शहरात पत्ता नोंदवताना अर्जातला धर्माचा रकाना नीट वाचून भरावा.

दोन्ही कपाती मिळून सुमारे २२,५०० युरो जातात. हाती येतात वर्षाला ३७,५०० युरो, महिन्याला ३,१२५. म्हणजे ‘६० लाखां’तले साडेबावीस लाख खात्यात येतच नाहीत. हा आकडा स्वतःच्या पगारासाठी काढायचा असेल तर इंटरनेटवर `brutto netto rechner` असे शोधल्यास गणकयंत्रे मिळतात. त्यात कर-वर्ग १, मूल नाही, चर्च कर नाही, सार्वजनिक आरोग्य विमा आणि आपले राज्य एवढे भरले की पुरते.

घरभाड्याचा आकडा कसा वाचायचा?

खर्चातला सर्वांत मोठा आकडा भाड्याचा आणि सर्वाधिक फसगतही तिथेच होते. जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे ‘थंड’ भाडे. ‘वार्ममीटे’ म्हणजे त्यात घर गरम ठेवण्याचा खर्च, पाणी, कचरा, इमारतीची देखभाल मिळवून होणारे ‘गरम’ भाडे. शोधयादीत स्वस्त दिसावे म्हणून पहिला आकडा ठळक असतो. आपल्या हिशेबात नेहमी दुसरा घ्यायचा. गरम भाड्यातही वीज आणि इंटरनेट बहुधा धरलेले नसते. शिवाय प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीचे शुल्क म्हणून महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात; घरात टीव्ही नसला तरी.

म्युनिक हे जर्मनीतले सर्वांत महागडे शहर. तिथे एका खोलीच्या स्वतंत्र घराचे गरम भाडे आपण १,२५० युरो धरू. मग महिन्याचा खर्च असा होतो:

- गरम भाडे: १,२५०
- वीज, इंटरनेट, रेडिओ-टीव्ही शुल्क: १००
- स्थानिक प्रवासाचा देशभर चालणारा मासिक पास, २०२५ च्या दराने: ५८
- किराणा: ३००
- बाहेरचे खाणे, कँटीन, सिनेमा: २००
- मोबाइल आणि नुकसानभरपाईचा विमा: २२
- कपडे, औषधे, केस कापणे, घरातल्या वस्तू: १२०

एकूण २,०५० युरो. वर्षाचे २४,६००. हातातल्या ३७,५०० मधून ते गेले, की उरले १२,९००.

इथे थांबून अनेक जण ‘वर्षाला तेरा लाख’ असे म्हणतात. पण वर्षातून एकदाच येणारे खर्च या यादीत नाहीत. भारताची एक फेरी, तिकीट ९०० आणि भेटवस्तू वगैरे ४०० युरो. सुट्टीत युरोपमध्ये एखाद-दोन सहली, ८०० युरो. हे २,१०० वजा केल्यावर शिल्लक राहतात १०,८०० युरो. शंभरच्या दराने १० लाख ८० हजार रुपये. साठ लाखांच्या ऑफरमधून स्थिरावलेल्या वर्षात मिळणारी बचत ही एवढी आहे.

पहिल्या वर्षी एवढीही बचत का होत नाही?

वरचा आकडा दुसऱ्या वर्षापासूनचा आहे. पहिल्या बारा महिन्यांत बस्तान बसवण्याचा खर्च येतो. जाण्याचे तिकीट ५०० युरो. व्हिसा, कागदपत्रांची भाषांतरे आणि निवास परवान्याचे शुल्क मिळून ३००. हिवाळी कपडे आणि बूट ३००. कायमचे घर मिळेपर्यंत दोन महिने सुसज्ज तात्पुरत्या जागेत राहावे लागले आणि तिचे भाडे महिना ५०० युरोंनी जास्त असले, तर आणखी १,०००. जर्मनीत भाड्याची अनेक घरे अगदी रिकामी मिळतात. दिवे नसतात, कधीकधी स्वयंपाकघरातला ओटा आणि शेगडीसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. त्यासाठी २,००० युरो धरू. बेरीज ४,१००. बचत १०,८०० वरून ६,७०० वर येते.

याशिवाय अनामत आहे. कायद्याने घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांचे थंड भाडे मागू शकतो. थंड भाडे १,०५० असेल तर ३,१५० युरो. ही रक्कम घर सोडताना परत मिळते, म्हणून ती खर्चात धरायची नाही. पण तोवर वापरताही येत नाही. म्हणजे पहिल्या वर्षाअखेरीस खात्यात मोकळे पैसे उरतात ३,५५० युरो, सुमारे साडेतीन लाख रुपये. शैक्षणिक कर्जाचा किंवा घरच्या कर्जाचा हप्ता याच पैशांतून भरायचा असे ठरवून निघालेला माणूस इथे अडकतो.

दुसरी अडचण वेळेची. पगार महिनाअखेरीस येतो आणि भाडे, अनामत आधी द्यावी लागते. अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, तरी पहिल्या महिन्यासाठी पाच-सहा हजार युरो, म्हणजे पाच-सहा लाख रुपये जवळ असावे लागतात. कंपनी स्थलांतराचा खर्च देते का, तात्पुरती जागा देते का, हे म्हणूनच आधी विचारायचे. पगारात वाढ मागण्यापेक्षा ही मागणी अनेकदा जास्त फायद्याची ठरते. ६० हजारांच्या आसपास पगारात १,००० युरोंची वाढ मिळाली तर कपातीनंतर जेमतेम निम्मी हाती येते.

वर्षाच्या मधूनच रुजू होणाऱ्याला एक दिलासा असतो. दर महिन्याचा कर तो पगार वर्षभर मिळणार आहे असे समजून कापला जातो. प्रत्यक्षात त्या वर्षी सहाच महिने पगार मिळाला असेल, तर विवरणपत्र भरल्यावर कापलेल्या कराचा मोठा भाग परत येऊ शकतो. मात्र त्याच वर्षी जर्मनीत येण्याआधी भारतात मिळवलेला पगार विवरणपत्रात दाखवावा लागतो. त्यावर जर्मनी कर लावत नाही, पण कराचा दर ठरवताना तो जमेस धरते. त्यामुळे परताव्याची रक्कम हाती येईपर्यंत ती हिशेबात घेऊ नये.

कमी पगाराची नोकरी जास्त बचत देऊ शकते का?

देऊ शकते. समजा, आपल्या अभियंत्याला डॉर्टमुंडमधूनही ऑफर आहे, पण ५४ हजार युरोंची. आकड्यावर सहा हजारांचा तोटा दिसतो. कपात मोजली तर सामाजिक विम्याला सुमारे ११,६४० आणि कराला सुमारे ७,९५० युरो जातात. हाती येतात ३४,४०० युरो. म्हणजे सहा हजारांचा तोटा हातात येईपर्यंत सुमारे ३,१०० वर आला, कारण कमी पगारावर कर आणि विमाही कमी बसतो.

डॉर्टमुंडमध्ये तशाच घराचे गरम भाडे ७०० युरो धरले आणि बाकी खर्च तोच ठेवला, तर महिन्याला ५५० युरो वाचतात, वर्षाला ६,६००. हिशेब होतो: ३४,४०० वजा १८,००० वजा २,१००. बचत १४,३०० युरो. सहा हजार युरोंनी कमी पगार घेऊन साडेतीन हजार युरो जास्त बचत. दोन शहरांच्या ऑफर तोलताना म्हणूनच वार्षिक पगाराची वजाबाकी करून थांबायचे नाही. हातातल्या पगारातला फरक आणि बारा महिन्यांच्या गरम भाड्यातला फरक, या दोन आकड्यांची तुलना केली की बहुतेक वेळा उत्तर मिळते. अर्थात म्युनिकमध्ये पुढची नोकरी मिळण्याच्या संधी जास्त असतील, तर ती बाजू वेगळी मोजावी लागेल. बचतीच्या आकड्यात ती दिसत नाही.

जोडीदार सोबत आला तर?

लग्न झाले आणि पत्नी किंवा पती जर्मनीत राहायला आला, की कराचा हिशेब बदलतो. दोघांचे उत्पन्न एकत्र धरून निम्मे-निम्मे वाटल्याप्रमाणे कर आकारता येतो. एकच जण कमावत असेल तर ६० हजारांवरचा कर सुमारे ९,५६० वरून पाच हजारांच्या आसपास उतरतो. वर्षाला साडेचार हजार युरो वाचतात. कमावत नसलेल्या जोडीदाराला सार्वजनिक आरोग्य विम्यात वेगळी वर्गणी न भरता सामावून घेतले जाते. लग्न झाले आहे, पण जोडीदार भारतातच आहे, अशा स्थितीत मात्र ही करसवलत सहसा मिळत नाही.

पण घर एका खोलीचे चालत नाही. म्युनिकमध्ये दोन खोल्यांसाठी महिना ४५० युरो जास्त, खाण्याचे २५०, दुसरा प्रवास-पास ५८, इतर ८० धरले तर महिन्याला ८३८ युरो वाढले. वर्षाचे दहा हजार. भारताचे दुसरे तिकीट आणि सहलींचा वाढीव खर्च मिळून आणखी १,३००. करातली बचत जमा करूनही वार्षिक शिल्लक १०,८०० वरून सुमारे ४,००० युरोंवर येते. चार लाख रुपये. एका पगारावर म्युनिकमध्ये संसार थाटून भारतात मोठी रक्कम पाठवण्याचा बेत इथे कोसळतो. जोडीदाराला नोकरी मिळेल का आणि त्यासाठी लागणारी जर्मन भाषा शिकायला किती महिने जातील, हा प्रश्न या कुटुंबासाठी पगारवाढीपेक्षा मोठा आहे.

पुण्यातल्या १८ लाखांशी तुलना कशी करायची?

तुलना दोन्हीकडच्या बचतीची करायची, पगाराची नाही. पुण्यातल्या १८ लाखांच्या ‘सीटीसी’तून कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी मिळून सुमारे १ लाख २० हजार बाजूला काढले, तर पगार १६ लाख ८० हजार उरतो. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेऊन २०२५-२६ साठी कर होतो उपकरासह सुमारे १ लाख २६ हजार. मूळ वेतन महिना ६० हजार धरले तर स्वतःचा भविष्य निर्वाह निधी ८६,४०० रुपये. हाती येतात वर्षाला सुमारे १४ लाख ६८ हजार. भाड्यासह महिन्याचा खर्च ५५ हजार आणि वर्षातून एकदाचे खर्च ८० हजार धरले, तर शिल्लक सव्वासात लाखांच्या आसपास.

शिवाय भविष्य निर्वाह निधीत दोन्ही बाजूंचे मिळून वर्षाला सुमारे १ लाख ७३ हजार जमा होतात. त्यातला छोटा भाग पेन्शन योजनेत जातो. बाकीच्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होते. ते धरून पुण्यातली बचत ९ लाख रुपये. म्युनिकची १० लाख ८० हजार. साठ विरुद्ध अठरा असा दिसणारा सामना प्रत्यक्षात अकरा विरुद्ध नऊ असा निघतो.

पण तुलना अजून समान झालेली नाही. पुण्याच्या बाजूला आपण निवृत्तीची रक्कम धरली आणि जर्मनीच्या बाजूला ती सोडली. जर्मन निवृत्तिवेतन विम्यात आपल्या अभियंत्याच्या पगारातून वर्षाला ५,५८० युरो जातात. ते बुडीत नसतात. साठ महिन्यांपेक्षा कमी काळ वर्गणी भरून भारतात परतलेल्या भारतीय नागरिकाला, युरोपीय संघ सोडल्यावर २४ महिन्यांनी अर्ज करून आपला वाटा परत मागता येतो. कंपनीचा वाटा मिळत नाही आणि व्याजही मिळत नाही. तीन वर्षे काम केले तर १६,७४० युरो, म्हणजे पावणेसतरा लाख रुपये परतीनंतर दोन वर्षांनी हाती येऊ शकतात. साठ महिने पूर्ण झाले, की हक्काचे स्वरूप बदलते. मग वय झाल्यावर मासिक निवृत्तिवेतन मिळते. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू असल्याने ते भारतात राहूनही घेता येते.

त्यामुळे ‘पाच वर्षे काढून परत येऊ’ असे म्हणणाऱ्याने त्या पाच वर्षांच्या सीमारेषेच्या कोणत्या बाजूला परतायचे, हे आधी ठरवावे. दोन वर्षांनंतरच्या एकरकमी पैशांची गरज असणाऱ्यासाठी आणि म्हातारपणी युरोतले छोटे निवृत्तिवेतन हवे असणाऱ्यासाठी उत्तर वेगवेगळे आहे.

उरलेले युरो रुपये होताना काय घडते?

शेवटची पायरी रूपांतराची. इथे तीन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे दर. इंटरनेटवर दिसणारा दर १०० असेल आणि पैसे पाठवणाऱ्या बँकेने ९८ रुपये ५० पैशांनी दिले, तर १०,८०० युरोंमागे १६,२०० रुपये गेले. ‘शून्य शुल्क’ अशी जाहिरात असली तरी हा फरक दरात लपलेला असू शकतो. एक हजार युरो पाठवल्यास भारतातल्या खात्यात नेमके किती रुपये पडतील, एवढा एकच प्रश्न प्रत्येक सेवेला विचारून उत्तरांची तुलना करावी. शिवाय दर स्वतःही हलतो. तो ९५ झाला तर हीच बचत १० लाख २६ हजार, १०५ झाला तर ११ लाख ३४ हजार. कर्जाचा हप्ता रुपयात ठरलेला असेल, तर हिशेब खालच्या दराने मांडलेला बरा.

दुसरी म्हणजे भारतातला कर. नोकरीसाठी देश सोडणारा माणूस त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, तर तो अनिवासी ठरतो आणि जर्मनीतल्या पगारावर भारतात कर लागत नाही. ऑक्टोबरमध्ये किंवा त्यानंतर निघालेल्याचे १८२ दिवस एप्रिलपासून बहुधा भरलेले असतात. मग त्या वर्षी मार्चपर्यंत मिळालेला जर्मन पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागतो. दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार सवलत मिळते, पण कागदपत्रे वाढतात. निघण्याची तारीख ठरवताना हे दिवस मोजावेत.

तिसरी म्हणजे भारतातली ठेव. अनिवासींच्या ‘एनआरई’ खात्यातल्या व्याजावर भारतात कर नाही, एवढेच बहुतेकांना माहीत असते. पण जर्मनीत राहणाऱ्यावर तिथे जगभरातल्या उत्पन्नाचा कर लागू होतो आणि हे व्याज त्यात येते. अविवाहित व्यक्तीला अशा उत्पन्नात वर्षाला १,००० युरोंपर्यंत सूट आहे. पहिली एक-दोन वर्षे त्यात भागते. ठेव वाढली, की भागत नाही.

हिशेब बरोबर आहे, हे कसे कळेल?

कागदावरचा अंदाज तीन महिन्यांत तपासता येतो. आपल्या उदाहरणात वार्षिक बचत १०,८०० युरो, म्हणजे महिन्याला ९०० युरो. भारताची फेरी आणि सहलींसाठी महिन्याला १७५ युरो वेगळ्या खात्यात टाकायचे, एकदाच होणाऱ्या खर्चाची नोंद वेगळी ठेवायची आणि दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यातली शिल्लक लिहायची. सलग तीन महिने वाढ ९०० च्या खूप खाली असेल, तर चूक बहुधा दोनच ठिकाणी असते. एक तर भाडे थंड धरले होते, किंवा बाहेरच्या खाण्याचा आकडा कमी धरला होता. वर्षाअखेरीस घरमालकाकडून गरम करण्याच्या खर्चाचे अंतिम बिलही येते. हिवाळ्यात वापर जास्त झाला असेल तर फरक भरावा लागतो, म्हणून त्यासाठी शे-दोनशे युरो राखून ठेवावेत.

ऑफर हाती आली, की कंपनीला विचारायचे प्रश्न थोडे आहेत. ६० हजारांपैकी निश्चित पगार किती आणि कामगिरीवर अवलंबून बोनस किती? स्थलांतराचा खर्च आणि सुरुवातीची जागा कोण देणार? घरून काम किती दिवस करता येईल, म्हणजे शहराबाहेर स्वस्त घर घेता येईल का? बोनसचा भाग निश्चित नसेल तर तो हिशेबात शून्य धरावा. ही उत्तरे मिळाल्यावर वरचाच हिशेब स्वतःच्या आकड्यांनी पुन्हा करायचा आणि घरी सांगायचा तो त्यातला शेवटचा आकडा.